रक्तदाबाच्या यंत्रात 'सुपर हेवी ड्युटी' सेल तीन आठवड्यांत का थकले?

निरंजना

नमस्कार. आईचा रक्तदाब रोज सकाळी आणि संध्याकाळी मोजावा लागतो. त्यासाठी दंडाला पट्टा बांधायचे यंत्र आम्ही वापरतो आणि त्यात चार पेन्सिल सेल लागतात. यंत्रात हवा भरणारी मोटर असल्यामुळे तिला दमदार सेल हवेत, या विचाराने मी मागच्या वेळी 'सुपर हेवी ड्युटी' असे ठळक छापलेले सेल मुद्दाम निवडून आणले. तीन आठवडे होतात न होतात तोच यंत्र पट्टा निम्मा फुगवून थांबू लागले आणि पडद्यावर सेलचे चिन्ह लुकलुकू लागले.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट पुढेच आहे. सेल बाहेर काढून मल्टीमीटरने मोजले, तर चारही १.४५ ते १.४७ व्होल्ट दाखवतात. त्यांतला एक भिंतीवरच्या घड्याळात घातला, तर घड्याळ व्यवस्थित चालते आहे. मग सेल चांगले आणि यंत्र बिघडलेले, असे समजायचे का? दुरुस्तीला देण्याआधी चारांपैकी दोन सेल बदलून पाहावेत, असा विचार आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अभ्यासू पांथस्थ

माझ्या मते यंत्र ठीक आहे आणि सेल जुन्या साठ्यातले आहेत. सेल नुसते पडून राहिले तरी हळूहळू उतरतात, त्यामुळे त्यावरची तारीख आधी पाहावी. हेवी ड्युटी सेल नावाप्रमाणे जास्त भारासाठीच बनवलेले असतात, तेव्हा निवड चुकली असे मला वाटत नाही. अल्कलाइन सेलमध्ये ऊर्जा जास्त साठवलेली असते म्हणून तो अधिक दिवस टिकतो, एवढाच दोहोंत फरक आहे. घरात अल्कलाइन असतील तर दोन नवे घालून पाहा. यंत्र चालले तर शंका मिटेल.

मोजपट्टी

निरंजनाताई, दोन सेल बदलण्याचा विचार कृपया सोडून द्या. चारही सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येकातून तीच विद्युतधारा जाते. दोन ताजे अल्कलाइन आणि दोन थकलेले असे एकत्र बसवले, तर ताजे सेल थकलेल्यांमधून धारा रेटत राहतात. थकलेला सेल पूर्ण रिता झाला की त्याची ध्रुवता उलटते, आत वायू तयार होतो आणि बहुधा तोच सेल फुटून यंत्रात गळतो. सेल बदलायचे तर चारही एकाच जातीचे, एकाच वेळी बदलावेत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बॅटरी तपासणीच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि 'मीटर चांगले दाखवतो, पण यंत्र चालत नाही' ही तक्रार तिथे सर्वांत अधिक येत असे. मल्टीमीटर सेलमधून जवळजवळ काहीच धारा घेत नाही. त्यामुळे त्यावर दिसणारा आकडा हा विश्रांती घेत असलेल्या सेलचा आकडा असतो. मोटर फिरू लागली की ती अर्ध्या अँपिअरच्या आसपास धारा मागते, आणि तेवढी धारा देताना सेलच्या स्वतःच्या अंगात जो रोध आहे, त्यातच व्होल्टेजचा बराच भाग खर्ची पडतो. तुमच्या सेलमध्ये माल शिल्लक आहे, पण तो पुरेशा वेगाने बाहेर येत नाही.

या ठिकाणी पांथस्थांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. अल्कलाइनमध्ये ऊर्जा जास्त असते हे खरे, पण तुमच्या यंत्राच्या बाबतीत निर्णायक ठरतो तो हा वेग. दोन्ही सेलांतील मुख्य पदार्थ सारखेच आहेत. दोहोंत जस्त झिजते आणि मँगनीज डायऑक्साइड इलेक्ट्रॉन स्वीकारतो. वेगळी आहे ती मांडणी आणि मधले द्रावण.

साध्या झिंक-कार्बन सेलमध्ये, आणि तुमचा हेवी ड्युटी सेल याच कुळातला, जस्ताचा डबा हेच सेलचे पात्र असते आणि तोच ऋण टोकही असतो. डब्याला आतून कागदाचे अस्तर असते आणि आत मँगनीज डायऑक्साइड व काजळी यांचा ओलसर काळा गोळा ठासलेला असतो. मधोमध कार्बनची कांडी असते. ती स्वतः झिजत नाही, काळ्या गोळ्याशी विद्युत जोडणी करण्याचेच काम ती करते. म्हणजे अभिक्रियेसाठी जस्ताचा जो पृष्ठभाग मिळतो, तो डब्याच्या आतल्या भिंतीपुरताच असतो.

अल्कलाइन सेल आतून याच्या बरोबर उलटा असतो. बाहेर पोलादी डबा असतो आणि त्याला आतून चिकटून मँगनीज डायऑक्साइड व ग्रॅफाइट यांचे दाबून बसवलेले कडे असते. त्यामुळे तो डबा धन टोकाशी जोडलेला असतो. मधल्या पोकळीत जस्ताची भुकटी घट्टसर जेलमध्ये कालवून भरलेली असते आणि तिच्यात पितळेची खिळ्यासारखी कांडी रोवलेली असते. तेवढ्याच आकाराच्या सेलमध्ये भुकटीच्या असंख्य कणांचा मिळून होणारा पृष्ठभाग डब्याच्या भिंतीच्या अनेक पट भरतो. द्रावण पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे असते आणि ते फार चांगले वाहक आहे. हे दोन्ही जमून आल्यामुळे अर्धा अँपिअर धारा ओढली तरी अल्कलाइन सेल फारसा दबत नाही.

आजोबा ६८

आमच्या तरुणपणी रेडिओचे सेल मंदावले की आम्ही ते उन्हात ठेवत असू आणि दुसऱ्या दिवशी रेडिओ पुन्हा वाजत असे. तुम्हीही सेल दोन तास उन्हात ठेवून पाहा. माझा दुसरा प्रश्न असा की, अल्कलाइन सेल रिचार्जेबल सेलच्या चार्जरमध्ये लावले तर थोडे तरी भरतात का? माझ्याकडे असा चार्जर आहे आणि तो नुसताच पडून आहे.

मोजपट्टी

आजोबा, चार्जरचा प्रयोग कृपया करू नका. साधा अल्कलाइन सेल पुन्हा भरण्यासाठी बनवलेला नसतो. उलट धारा दिली की आत वायूचा दाब वाढतो आणि झाकणातली झडप उघडून दाहक द्रावण बाहेर येते.

उन्हाचा अनुभव मात्र खरा आहे आणि त्यातून निरंजनाताईंचे कोडेही उलगडते. झिंक-कार्बन सेलमधून धारा ओढत राहिलो, की अभिक्रियेतून तयार झालेले पदार्थ जस्ताच्या भिंतीपाशी आणि काळ्या गोळ्याच्या कणांवर साचतात आणि ताज्या आयनांची वाट अडते. सेलला विश्रांती दिली, की हे पदार्थ हळूहळू आत पसरतात, वाट मोकळी होते आणि व्होल्टेज वर येते. उष्णतेने हे पसरणे वेगाने होते, म्हणून उन्हाचा गुण दिसत असे. पण रात्रभराची विश्रांतीही त्यात सामील होती आणि माझ्या मते मोठा वाटा तिचाच होता. उन्हाने नवी ऊर्जा येत नाही. उलट सेल तापवल्याने आतले पाणी उडते आणि जस्ताची आपोआप होणारी झीज वाढते.

यामुळेच यंत्रातून काढून टेबलावर ठेवलेला सेल काही तासांनी १.४५ व्होल्ट दाखवतो. मोटर थांबली त्या क्षणी तो तिथे नव्हता. मोजमाप चुकलेले नाही, फक्त ते सेल सावरल्यानंतर केलेले आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर ४.७ ओहमचा, एक वॅटचा एक रोधक घ्या. सेलच्या दोन्ही टोकांना मल्टीमीटर लावलेला असतानाच हा रोधक दोन-तीन सेकंद जोडून आकडा वाचा आणि लगेच काढून घ्या. आधीचा आकडा आणि भाराखालचा आकडा असे दोन्ही इथे लिहिले, तर उरलेला हिशेब आपण मिळून करू.

अभ्यासू पांथस्थ

मांडणीतला फरक मला ठाऊक नव्हता, त्याबद्दल आभार. पण एक गोष्ट अजून पटत नाही. सेल जास्त भारासाठी योग्य नसेल, तर त्यावर हेवी ड्युटी असे छापता कसे येते? हे सरळ खोटे नाही का?

मोजपट्टी

ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही, पण त्यातली तुलना कोणाशी आहे हे वेष्टनावर सांगितलेले नसते आणि तिथेच माणूस फसतो. या सेलचे मूळ जॉर्ज लेक्लांशे यांच्या १८६६ च्या ओल्या सेलमध्ये आहे. त्यात काचेच्या भांड्यात नवसागराचे द्रावण असे. १८८० च्या दशकात कार्ल गासनर यांनी ते द्रावण घट्ट करून जस्ताच्या डब्यात बसवले आणि कोरडा सेल तयार झाला. पुढे कित्येक दशके साधा सेल म्हणजे नवसागराचा सेल, असेच समीकरण होते.

नंतर नवसागराच्या जागी मुख्यतः झिंक क्लोराइड वापरून सेल बनू लागले, आणि त्यांत मँगनीज डायऑक्साइडही बहुधा अधिक चांगल्या प्रतीचा घालत. हे सेल जुन्या सेलपेक्षा खरोखरच जास्त धारा देत आणि कमी गळत. त्यांना हेवी ड्युटी म्हटले ते नवसागराच्या सेलशी तुलना करून, आणि त्या तुलनेपुरते नाव रास्त होते. पुढे अल्कलाइन सेल सर्वत्र मिळू लागला, नवसागराचा सेल मागे पडला आणि ज्याच्याशी तुलना होती तोच गेला. नाव मात्र तसेच राहिले, आणि त्याच्या पुढे 'सुपर' किंवा 'एक्स्ट्रा' अशी विशेषणे जोडली गेली. आज अल्कलाइनच्या शेजारी ठेवलेल्या हेवी ड्युटी सेलवरचे ते शब्द वाचून घेणाऱ्याचा समज नेमका उलटा होतो. निरंजनाताईंनी विचार योग्य केला होता. फसवले ते शब्दाने.

म्हणून मी वेष्टनावरचे मोठे शब्द वाचत नाही, सेलच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेला आंतरराष्ट्रीय संकेत वाचतो. पेन्सिल सेलवर रोमन अक्षरांत 'आर ६' असेल तर तो झिंक-कार्बन आणि 'एल आर ६' असेल तर अल्कलाइन. 'आर ६' च्या मागे 'पी' हे अक्षर असले, तर तो त्याच झिंक-कार्बन कुळातला अधिक शक्तीचा प्रकार असतो. वेष्टनावर ज्याला हेवी ड्युटी म्हणतात तो बहुधा हाच. आरंभी 'एल' नसेल, तर पुढे कितीही विशेषणे असली तरी तो अल्कलाइन नाही. संकेत सापडत नसेल तर दोन्ही हातांत एकेक सेल घेऊन पाहा. अल्कलाइन पेन्सिल सेल २३ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि झिंक-कार्बन त्याहून स्पष्टपणे हलका लागतो.

निरंजना

रोधक मिळवून मोजमाप केले. तीन आठवडे वापरलेला हेवी ड्युटी सेल आधी १.४६ व्होल्ट होता आणि रोधक जोडताच १.१२ वर आला; धरून ठेवला तर आकडा आणखी खाली सरकत होता. तुलनेसाठी एक नवा अल्कलाइन सेल मोजला. तो आधी १.५८ होता आणि भाराखाली १.५० वर स्थिर राहिला. त्या सेलवर 'एल आर ६' हे शब्दशः सापडले, आणि माझ्या जुन्या सेलवर 'आर ६ पी' आहे.

मोजपट्टी

आकडे फार बोलके आहेत. जुन्या सेलमध्ये भाराखाली ०.३४ व्होल्टची घट झाली. त्या वेळी रोधकातून जाणारी धारा म्हणजे १.१२ भागिले ४.७, सुमारे ०.२४ अँपिअर. घटीला या धारेने भागले की सेलचा अंतर्गत रोध सुमारे १.४ ओहम येतो. अल्कलाइनची घट ०.०८ व्होल्ट आणि धारा ०.३२ अँपिअर, म्हणजे त्याचा रोध पाव ओहम.

आता हेच सेल यंत्रात बसवून पाहू. मोटर अर्धा अँपिअर घेते असे धरले, तर जुन्या सेलमध्ये प्रत्येकी ०.७ व्होल्ट आतच जातात आणि बाहेर पाऊण व्होल्ट मिळतो. चार सेल मिळून तीन व्होल्ट झाले, आणि सहा व्होल्टवर चालणारे यंत्र एवढ्यावर थांबणारच. अल्कलाइन असते तर त्याच क्षणी चारांचे मिळून ५.८ व्होल्ट मिळाले असते. तुमचे सेल अगदी नवे होते तेव्हा त्यांचा रोध अर्ध्या ओहमच्या घरात असावा, म्हणून सुरुवातीचे काही दिवस यंत्र निमूट चालले आणि तुम्हाला शंका आली नाही. झिंक क्लोराइडच्या सेलमध्ये अभिक्रिया पाणीही वापरून टाकते. सेल जसजसा वापरला जातो तसतसा तो आतून सुकत जातो आणि रोध चढत जातो. गळती कमी होण्यामागे हे सुकणे आहे आणि दम लवकर तुटण्यामागेही ते एक मोठे कारण आहे.

दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी मोटर अर्धा मिनिट चालते असे धरले, तर एका मोजणीला सुमारे ४ मिलीअँपिअर-तास खर्च होतात. मधूनमधून पुन्हा घेतलेल्या मोजण्या धरून तीन आठवड्यांत ४५ मोजण्या झाल्या असतील, तर एकूण खर्च १९० च्या आसपास येतो. सावकाश वापरला तर हाच सेल ८०० किंवा थोडे अधिकही देऊ शकतो. म्हणजे बराच मोठा भाग अजून आत पडून आहे.

भिंतीवरच्या घड्याळाला तो मिळतो. घड्याळाची सरासरी गरज ०.१ मिलीअँपिअरच्या घरात असते आणि दर सेकंदाच्या टिकटिकीला क्षणभर काही मिलीअँपिअर लागतात. दीड ओहम रोधात तेवढ्या धारेने काही हजारांश व्होल्टच जातात, घड्याळाला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय दोन टिकटिकींमध्ये सेलला विश्रांती मिळत राहते. तेव्हा उरलेले तीन सेलही घड्याळांसाठी ठेवा, ते अजून काही महिने सहज काम देतील.

तांबडमाती

मी थोडा विरोधी सूर लावतो. अल्कलाइन सर्वत्र चांगला, असा समज या चर्चेतून होऊ नये. माझ्या दोन रिमोटची वाट अल्कलाइन सेलांनी लावली. दोन-तीन वर्षे ते सेल उत्तम चालले, म्हणून उघडून पाहिलेच नाही. उघडले तेव्हा स्प्रिंगवर पांढरा खरपूस थर होता आणि तांब्याची पट्टी हिरवी पडून तुटली होती. त्याआधी त्याच रिमोटमध्ये मी अनेक वर्षे साधे सेल वापरले आणि एकदाही गळती झाली नाही. आता रिमोट आणि घड्याळ यांत मी हेवी ड्युटीच घालतो.

अभ्यासू पांथस्थ

गळलेला सेल कोणताही असो, कापसाच्या काडीने थोडा व्हिनेगर लावून पुसले की तो थर निघून जातो. रिमोट टाकून देण्याची घाई करायला नको होती.

मोजपट्टी

व्हिनेगरचा उपाय अल्कलाइनच्या गळतीपुरता बरोबर आहे. तो पांढरा थर म्हणजे गळलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडची हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया होऊन बनलेला कार्बोनेट असतो, आणि सौम्य आम्लाने तो विरघळतो. झिंक-कार्बनमधून येणारे पाणी मात्र आम्लधर्मी असते. त्यावर व्हिनेगर लावून काही साधत नाही, तिथे पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा लावावा. दोन्ही वेळा शेवटी ओल्या फडक्याने पुसून जागा पूर्ण कोरडी करावी आणि बोटांना काही लागू देऊ नये.

तांबडमातींच्या मुद्द्यात तथ्य आहे. झिंक-कार्बनचा डबा हाच झिजणारा जस्त असल्यामुळे सेल संपत आल्यावर त्याला बारीक छिद्रे पडतात आणि तिथून तो गळतो. अल्कलाइनचा पोलादी डबा झिजत नाही, पण जस्ताच्या भुकटीतून थोडा थोडा हायड्रोजन सुटत राहतो आणि पूर्ण रित्या झालेल्या सेलमध्ये ते अधिक होते. दाब वाढला की झाकणातली झडप उघडते. म्हणजे दोघांच्याही गळतीची वेळ बहुधा सेल संपल्यानंतरची असते. मात्र साधा सेल रिमोटमध्ये लवकर संपतो आणि माणूस तो काढून टाकतो. अल्कलाइन इतका टिकतो की त्याची आठवणच राहत नाही. आपल्या रिमोटचे नुकसान सेलच्या जातीने झाले की विसरण्याने, याबद्दल माझा कल दुसऱ्या कारणाकडे आहे.

तांबडमाती

तो कल मला मान्य नाही. विसरण्याचे कारण धरले, तर साधे सेलही मी रिमोट बंद पडेपर्यंत कधी उघडून पाहत नव्हतो, आणि बंद पडल्यावरही ते पुष्कळदा महिनाभर तसेच राहत. माझा अनुभव दोन रिमोटांचाच आहे हे मी मानतो, पण तो बदलेपर्यंत माझी निवड तीच राहील.

आजोबा ६८

संकटकाळासाठी ठेवलेल्या विजेरीत कोणते घालावेत? माझी विजेरी वर्षातून दोनदा लागते, पण लागते तेव्हा लागलीच पाहिजे.

मोजपट्टी

अल्कलाइन घ्या. साठवणीत ते झिंक-कार्बनपेक्षा पुष्कळ कमी उतरतात आणि थंडीतही त्यांचा दम अधिक टिकतो. पण ते विजेरीच्या आत न ठेवता मूळ वेष्टनात विजेरीला बांधून ठेवा. वापरायच्या वेळी घालायला अर्धा मिनिट लागेल आणि गळतीची चिंता उरणार नाही. विजेरी जुन्या तापणाऱ्या दिव्याची असेल तर तिला मोटरीसारखीच भरपूर धारा लागते आणि हेवी ड्युटी सेलवर तिचा प्रकाश काही मिनिटांत पिवळा पडत जातो. लहान एलईडीच्या विजेरीची गरज बरीच कमी असते, तिथे दोन्हीतला फरक एवढा ठळक दिसत नाही.

निरंजना

चारही नवे 'एल आर ६' घालून आज पाचवा दिवस आहे आणि पट्टा एका दमात फुगतो. यंत्रासोबतची पुस्तिका पुन्हा काढून पाहिली, तर त्यात अल्कलाइन सेलच वापरावेत असे एका ओळीत लिहिलेले होते, ते मी वाचलेच नव्हते. जुन्यांपैकी दोन सेल घड्याळांत लावले आहेत आणि त्यांच्यावर पेनाने आजची तारीख लिहिली आहे. चौथ्याची भाराखालची मोजणी घेतली, तर तो एकटाच ०.९ वर येतो, बाकीचे १.१ च्या आसपास आहेत. एकाच पाकिटातले, एकाच यंत्रात वापरलेले सेल असे वेगळे का पडतात?

मोजपट्टी

कारखान्यात प्रत्येक सेलमधला काळा गोळा आणि त्यातला ओलावा तंतोतंत सारखा होत नाही. झाकणाशी सील किंचित सैल बसले असेल तर एखादा सेल इतरांआधी सुकतो. तो ०.९ चा सेल घड्याळात लावू नका. त्याच्या तळाशी जस्तावर ओलसरपणा किंवा पांढरट चूर्ण दिसते का ते पाहा आणि दिसल्यास इथे लिहा. तसे असेल, तर यंत्र थांबवण्यात पहिला वाटा त्या एकट्याचा होता असे धरायला जागा आहे.